कोवळ्या उन्हाचा हिशोब चुकतो कुठे?

पुण्यातली चोवीस वर्षांची एक बॅडमिंटनपटू डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसात ते नऊ हॉलमध्ये सराव. वाऱ्यानं शटल भरकटू नये म्हणून खिडक्या बंद, वर ट्यूबलाइट. दहाला ऑफिस, स्कूटरवर पूर्ण बाह्या, स्कार्फ आणि हेल्मेट. घरी परतेपर्यंत अंधार. दोन महिने नडग्या आणि कंबर ठणकतेय म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व १२. (लॅब ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देते; २० च्या खाली म्हणजे कमतरता.) "अहो, पण मी रोज कोवळ्या उन्हात हॉलपर्यंत चालत जाते," हे तिचं पहिलं वाक्य.

गोम तिथेच आहे. ड जीवनसत्त्व बनतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडावर हे किरण पडले की त्याची रचना बदलते, आणि पुढचं काम शरीराची ऊब करते. सकाळी सातला सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्याच्या किरणांना वातावरणातून तिरपा, लांबचा रस्ता कापावा लागतो आणि ओझोन त्यातला अतिनील-बी जवळपास सगळा गाळून टाकतो. ऊब मिळते, उजेड मिळतो, ड मिळत नाही. काचेमागच्या उन्हाचीही तीच गत. खिडकीची काच हे किरण आत सोडतच नाही.

मग वेळ कशी ओळखायची? सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पुरेसा वर आलाय. पुण्यात मे महिन्यात हे साडेनऊच्या आधीच घडतं, पण डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम साडेअकरा ते दीड. म्हणजे हॉलमधला खेळाडू नेमक्या त्याच वेळी छपराखाली किंवा ऑफिसात असतो.

उन्हाच्या देशात राहणं पुरत नाही, हे २०१० साली इस्रायलमधल्या ९८ खेळाडू आणि नर्तकांच्या पाहणीत दिसलं. ३० च्या खाली पातळी असणारे मैदानी खेळांत ४८ टक्के होते, तर बंदिस्त जागेत सराव करणाऱ्यांत ८० टक्के. आपल्याकडे त्वचेतलं मेलॅनिन आणखी वेळ मागतं. पुण्याच्या आसपासच्या ग्रामीण पुरुषांच्या अभ्यासात २० च्या वर राहायला रोज सुमारे तासभर दुपारचं ऊन लागतं असं आढळलं. पंधरा मिनिटांचा सल्ला गोऱ्या त्वचेच्या हिशोबाचा आहे. हात-पाय उघडे ठेवले तर वेळ कमी लागते. मात्र त्वचा चुरचुरेपर्यंत बसू नका. ठरावीक मर्यादेनंतर जादा तयार झालेला माल उन्हातच निकामी होतो, त्यामुळे जास्त भाजून काहीच पदरात पडत नाही.

ताटातून भरपाई होईल का? थोडी. प्रौढांना दिवसाला सुमारे ६०० युनिट लागतात. एका अंड्याच्या बलकात साधारण ४०. '+एफ' चिन्हाच्या दुधात लिटरला २०० ते ३००, म्हणजे मोठ्या पेल्यात पन्नास-पाऊणशे. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे खरे श्रीमंत, पण रोज कोण खातो! शाकाहारी घरात तर आहारावर भिस्त ठेवणं मला अवघड वाटतं.

म्हणून या मुलीला डॉक्टरांनी लिहून दिलं ते ओळखीचं ६०,००० युनिटचं पाकीट: आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर. जेवणात तूप-तेल असलं की ते नीट शोषलं जातं. बाराव्या आठवड्याला पुन्हा तपासणी. त्याआधी करून फायदा नाही, कारण रक्तातली पातळी सावकाश बदलते. पातळी सुधारली की महिन्याला एक पाकीट, म्हणजे सरासरी रोज २,००० युनिट. अंगदुखी यानंतरही राहिली तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. आणि ज्याची पातळी मुळात ठीक आहे, त्याचा स्मॅश पाकिटानं वाढत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो चिठ्ठी वाचण्यात. 'आठवड्यातून एकदा' ऐवजी 'रोज एक' घेतलं की दोन महिन्यांत ३६ लाख युनिट पोटात जातात. उन्हानं हे कधीच होत नाही, गोळीनं होतं. रक्तात कॅल्शियम चढतं: सारखी तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, मग मूत्रपिंडावर ताण. अशा वेळी पाकिटं थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि कॅल्शियम तपासायला सांगायचं. ती मुलगी आता पाकिटाचा वार फ्रिजवर लिहून ठेवते: रविवार, दुपारच्या जेवणानंतर. मग गच्चीत कपडे वाळत घालायला जाते, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून.