स्वेटरवरचे गोळे ओढू नका, कापा

स्वेटरला गोळे आले की माल हलका निघाला असं आपण म्हणून टाकतो. पण मेरिनो मेंढीच्या महागड्या, मऊसूत लोकरीला ते जाड्याभरड्या लोकरीपेक्षा लवकर येतात. मऊपणासाठी तंतू बारीक घ्यावे लागतात आणि धाग्याला पीळही सैल ठेवावा लागतो. अशा पिळातून तंतूंची टोकं घासली की सहज बाहेर निसटतात.

त्यात लोकरीच्या तंतूवर, आपल्या केसावर असतात तसेच, सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे एकाच दिशेला कलते असतात. डोक्यावरचा एक लांब केस चिमटीत धरून अंगठा आणि तर्जनी केसाच्या लांबीत पुढे-मागे चोळून बघा. बोटं दोन्हीकडे सारखीच हलतात, केस मात्र मुळाच्या दिशेनेच सरकत जातो. काखेत, बाहीच्या आतल्या बाजूला, सॅकचा पट्टा घासतो तिथे लोकरीचं हेच होतं. तंतू एकाच दिशेने सरकत बाहेर येतात, आधी लव दिसते, मग ती लव एकमेकांत गुंतून गोळा वळला जातो.

हा गोळा भिंगाखाली धरला तर खाली मोजक्या तंतूंचा एक देठ दिसतो. गोळा सुटा असतो, देठाचं दुसरं टोक अजून धाग्यात असतं. टीव्ही बघता बघता नखाने गोळे उपटायची सवय पुष्कळांना असते, आणि त्यात एक समाधान असतं हेही खरं. पण उपटताना देठाचे तंतू धाग्यातून आणखी ओढले जातात. काही तुटतात, काही अर्धवट बाहेर राहतात, आणि पुढच्या गोळ्याची लव तयार होते. म्हणून देठ कापायचा.

कापायला बॅटरीवर चालणारा लिंट रिमूव्हर पुरतो. त्याच्या तोंडाशी भोकांची जाळी आणि जाळीमागे फिरणारं पातं असतं. गोळा भोकातून आत गेला की कापला जातो. अडचण अशी की यंत्र दाबून धरलं तर विणीचा टाकाही भोकातून आत फुगतो, आणि एक टाका कापला गेला की भोक पडून वीण उसवत जाते. म्हणून स्वेटर पूर्ण कोरडा करून टेबलासारख्या कडक, सपाट जागी पसरावा. गादीवर नको आणि ताणूनही नको. बाहीत पुठ्ठ्याची पट्टी सरकवावी, म्हणजे खालची शिवण वर उठून पात्याखाली येणार नाही. उंची बदलायची सोय असेल तर जाळी विणीपासून जास्तीत जास्त दूर ठेवून सुरुवात करावी. यंत्र नुसतं टेकवून, लहान लहान गोल फिरवत न्यावं. शिवणी, बटणपट्टी, गळ्याची कड आणि उठावाची वीण यांच्या जवळ यंत्र नेऊच नये. तिथले गोळे बारीक कात्रीने एकेक कापावेत.

कुठे थांबायचं, हे यंत्राची डबी सांगते. सुरुवातीला तिच्यात गोल गोळे पडतात. नुसता भुगा जमू लागला की गोळे संपले आणि पातं विणीवरची लव कापू लागलं असं समजावं. मोहेरसारख्या मुद्दाम लवदार ठेवलेल्या लोकरीला आणि जाळीदार विणीला हे यंत्र लावूच नये.

नंतर स्वेटर उलटा करून ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात, लोकरीसाठीच्या साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने दाबून धुवावा. चोळू नये. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तेच खवले तंतूंना एकमेकांत अडकवतात आणि स्वेटर आटून घट्ट होतो. डाग काढणाऱ्या एन्झाइमची पावडर टाळावी. त्यातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम लोकरीवरही काम करतात, कारण लोकर म्हणजे प्रथिनच. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावं आणि सपाट पसरून वाळवावा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो. वाळला की इस्त्री न टेकवता, थोडी वर धरून वाफ द्यावी. वाफेने तंतू सैलावतात, तेवढ्यात हाताने वीण सपाट करावी आणि गार होईपर्यंत हलवू नये. टाके एका ओळीत बसतात आणि पृष्ठभाग पुन्हा एकसारखा दिसतो.

शुद्ध लोकरीचे गोळे काही हिवाळ्यांनंतर आपोआप कमी होतात, कारण सैल, आखूड तंतू निघून गेलेले असतात आणि लोकरीचा देठ कमकुवत असल्याने गोळे झडतातही. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेल्या स्वेटरचं तसं नाही. तिथे मजबूत कृत्रिम तंतूचा देठ तुटत नाही, त्यामुळे गोळे वाढत राहतात आणि दर हिवाळ्यात कापावे लागतात. लेबल फाटलं असेल तर कापलेला एखादा गोळा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघावा. शुद्ध लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी काळी राख उरते. राखेऐवजी कडक मणी उरला तर त्यात कृत्रिम धागा आहे, आणि अशा स्वेटरला वाफ देताना इस्त्री आणखी लांब धरावी.