‘से अगेन’ आणि रीडबॅक: पार्श्वभूमी

दाबोळी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून विमानाला दिलेली सूचना वैमानिक शब्दशः परत म्हणतो, ते रीडबॅक. ऐकू न आलेला भाग तो ‘से अगेन’ म्हणून पुन्हा मागतो. यातली दुसरी पद्धत जुनी. बिनतारी तारयंत्राच्या काळात संदेशाचा शेवट खरखरीत बुडाला, तर ऑपरेटर ‘आरपीटी एए’ आणि त्यापुढे नीट ऐकलेला शेवटचा शब्द पाठवी. अर्थ असा, की या शब्दानंतरचे सगळे पुन्हा पाठवा. आवाजी रेडिओवरचे ‘से अगेन ऑल आफ्टर’ त्यातूनच आले. अख्खा संदेश पुन्हा बोलावा लागत नाही आणि वाहिनी लवकर मोकळी होते.

पण काहीतरी निसटले हे ऐकणाऱ्याला कळले, तरच तो ‘से अगेन’ म्हणेल. 1002 च्या जागी 1012 ऐकू आले तर त्याला शंकाच येत नाही. रीडबॅक अशा न कळलेल्या चुकीसाठी आहे.

आजच्या नियमांचा विचार करताना स्पेनच्या तेनेरीफ बेटावर 27 मार्च 1977 ला झालेल्या विमान अपघाताकडे जावेच लागते. दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट होती. डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला गेला होता, उड्डाणाची परवानगी अजून मिळाली नव्हती. सहवैमानिकाने मार्गाचा रीडबॅक पूर्ण दिला आणि शेवटी ‘वी आर नाऊ अॅट टेकऑफ’ असे जोडले. मनोऱ्याने ‘ओके’ म्हटले आणि क्षणभर थांबून ‘टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो’ असे सांगितले. नेमक्या त्याच वेळी अमेरिकन विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे बोलले. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. डच कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ पोचले आणि पुढे जवळजवळ चार सेकंद कर्कश शिट्टी. डच विमान धावतच राहिले आणि अमेरिकन विमानावर आदळले. 583 माणसे गेली.

रीडबॅक झाला नाही म्हणून हे घडले, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. रीडबॅक झाला होता. बुडाले ते त्यावरचे उत्तर. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे असे ठरले. महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘संदेश मिळाला’, पुरेनासे झाले. नियंत्रकाने रीडबॅक लक्षपूर्वक ऐकून चूक तिथेच सुधारण्यावरही भर आला.

वाद राहिला तो काय काय परत म्हणायचे याचा. सगळेच म्हणावे, तर गर्दीच्या वाहिनीवर एकमेकांवर बोलण्याचे प्रसंग वाढतात, म्हणजे पुन्हा तीच शिट्टी. म्हणून यादी ठरली: मार्गाची परवानगी, धावपट्टीवर येणे, उतरणे, उडणे, ती ओलांडणे किंवा तिच्याअलीकडे थांबणे, उंची, दिशा, वेग, रडारवर विमानाची ओळख पटवणाऱ्या ट्रान्सपाँडरचा कोड आणि क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब. वाऱ्याची माहिती परत म्हणावी लागत नाही. माझ्या मते ही निवड योग्यच आहे.

क्यूएनएचचे उदाहरण गोव्याच्या पावसाळ्यात चपखल बसते, कारण तेव्हा दाब उतरलेला असतो. समजा, दाबोळीचा दाब 1002 आहे आणि वैमानिकाने 1012 ऐकून तेच परत म्हटले. नियंत्रकाने ‘निगेटिव्ह, वन झिरो झिरो टू’ म्हणायला हवे. ते राहून गेले, तर दहा एककांच्या फरकाने विमान उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा सुमारे 280 फूट खाली असेल, आणि ढगात ते डोळ्यांना कळणार नाही.

मे 2022 मध्ये पॅरिसला असेच घडले, फक्त चूक ऐकण्यात नव्हती. दाब 1001 असताना नियंत्रकच 1011 म्हणाला. वैमानिकांनी 1011 हाच रीडबॅक दिला. तो सांगितलेल्या आकड्याशी जुळत होता, पण आकडाच चुकीचा होता. धावपट्टी गाठण्याआधीच विमान जमिनीपासून 6 फुटांपर्यंत खाली आले आणि तिथून वर उचलले गेले. ऐकलेले आणि बोललेले एक आहे एवढेच रीडबॅक सांगतो. म्हणून आकडा हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीशीही ताडून पाहावा लागतो.

मुरगाव बंदरात प्रश्न वेगळा आहे. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएमवर चालतो, म्हणून दोघे एकदम बोलले की शिट्टी तरी ऐकू येते. जहाजांचा व्हीएचएफ एफएमवर आहे. तिथे जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पुरता झाकतो. मांडवी-जुवारीतून खनिज आणणाऱ्या बार्जवरचा हँडसेट मोठ्या जहाजाखाली असा दबला, तर कुणाला पत्ताही लागत नाही आणि ‘से अगेन’ म्हणायचे कुणाला सुचतही नाही. समुद्रावरच्या प्रमाणित वाक्यांत प्रश्नाला होकार देताना ‘येस’ म्हणून पुढे पूर्ण वाक्य म्हणायला सांगितले आहे, ते इथे कामी येते. ‘येस, मी तुमच्या मागून जाईन’ एवढे ऐकले की समोरच्याला आपला प्रश्न नीट पोचल्याचे कळते. काहीच उत्तर आले नाही, तर संदेश पोचलाच नाही असे धरून पुन्हा हाक द्यायची.