चिवट पोळी आणि मऊ भात: मायक्रोवेव्हमध्ये नेमकं काय बिघडतं?

रात्रीच्या दोन पोळ्या आणि वाटीभर भात सकाळी मायक्रोवेव्हमध्ये एक-एक मिनिट फिरवले, तर पोळी चामड्यासारखी होते आणि भात वाफाळता, मोकळा निघतो. साहजिकच पोळी बाजूला सरकवली जाते आणि भाताला फोडणी बसते. पण खायला हरकत नसते ती बहुतेक वेळा त्या चिवट पोळीला. शंका घ्यायची ती भाताची, तीही तो रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर. पोळीचं नुकसान मायक्रोवेव्ह करतो. भाताचं जे व्हायचं ते मायक्रोवेव्हचं दार उघडायच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं.

आधी पोळी. साधारण 40 ग्रॅमच्या पोळीत पाणी जेमतेम तिसरा हिस्सा, आणि मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पाण्यालाच तापवतात. तेवढी पोळी गरम करायला 800 वॉटच्या यंत्राला 10 ते 15 सेकंद पुरतात. उरलेली पाऊण मिनिट तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडत राहतं. त्याच वेळी स्टार्च फुगून सैल झालेला असतो, म्हणून बाहेर काढल्याबरोबर पोळी मऊच लागते आणि आपण फसतो. ताटात येऊन दोन मिनिटं झाली की तो स्टार्च निवताना पुन्हा आवळतो, आता पाणीही कमी उरलेलं असतं, आणि पोळी दातांनी ओढावी लागते. पुन्हा गरम केली तर आणखी पाणी जातं. त्यामुळे दुसरा फेरा हा उपाय नव्हेच.

उपाय म्हणजे वेळ कमी आणि ओल थोडी जास्त. सुती फडका ओला करून घट्ट पिळायचा, त्यात पोळी गुंडाळायची, 12-15 सेकंद, आणि लगेच खायची. चार पोळ्या असतील तर एकत्र गुंडाळून 30-40 सेकंद, मध्ये एकदा वरच्या खाली करून. खरं सांगायचं तर तवा असेल तर तवाच बरा. ज्वारीची भाकरी तर मायक्रोवेव्हमध्ये घालूच नये. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ती चिवट न होता कोरडी ठाक होऊन तुटते. साबुदाण्याची खिचडी मात्र पाण्याचा हबका मारून, झाकून, अर्ध्या पॉवरवर छान मऊ होते, आणि दोन मिनिटं जास्त झाली की रबर. अंडं, पनीर, कोळंबी यांचं कारण वेगळं. तिथे प्रथिनं आवळून पाणी बाहेर टाकतात. त्यांनाही अर्धी पॉवरच बरी. आणि उकडलेलं अंडं अख्खं ठेवू नका. आत कोंडलेली वाफ ते फोडते, कधीकधी बाहेर काढल्यावर, अगदी तोंडाजवळसुद्धा.

आता भात. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तांदूळ शिजला की जिवाणू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही तगतात. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढू लागतात. भरपूर पाणी, भरपूर स्टार्च आणि पातेल्याच्या पोटात तासन्‌तास टिकणारी ऊब, त्यांना आणखी काय हवं? वाढताना त्यातले काही प्रकार भातातच एक विष सोडतात, ज्याने खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. 100 अंश काय, प्रेशर कुकरच्या तापमानालाही ते टिकतं. म्हणजे मायक्रोवेव्ह कितीही वेळ चालवा किंवा खमंग फोडणी द्या, जिवाणू मरतील, विष राहील. भाताला वास येईलच असंही नाही. पोळीत पाणी कमी, ती पातळ, चटकन निवणारी, म्हणून तिच्यात एका रात्रीत असं सहसा घडत नाही. तिला बुरशी किंवा चिकटपणा आला तर तो दिसतो.

म्हणून भाताचा निकाल जेवण झाल्यावर लगेच लागतो. उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवला तर मधला भाग फार हळू निवतो. तो परातीत दोन बोटांइतक्या जाडीने पसरा, वाफ गेली की झाकणाच्या उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तासाभरात. असा भात दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये तो कडक होतो, पण तो दोष नुसता खाण्यातला आहे, गरम केल्यावर जातो.

नीट ठेवलेल्या भातासाठी मग खरा प्रश्न उरतो तो सगळीकडे सारखा गरम करण्याचा. लहरी अन्नात एक ते तीन सेंटीमीटरच शिरतात, पुढची उष्णता हळूहळू आत सरकते. आमटीत ढवळलं की ती पसरते, भाताच्या शितांत मात्र हवा अडकलेली असते. शिवाय यंत्रात लहरींची काही ठिकाणं कडक, काही थंड असतात. थाळी फिरते ती त्याच कारणासाठी, पण थाळीच्या अगदी मध्यावर ठेवलेल्या वाडग्याचा मधला भाग एकाच जागी राहतो. वाडगा थोडा कडेला ठेवा.

300 ग्रॅम भात, म्हणजे दोघांचा, फ्रिजमधून थेट काढला आहे असं धरू. गुठळ्या बोटांनी फोडा, उथळ बशीत पसरा, मध्ये खळगा करून भात कडेने लावा. दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण किंचित उघडं ठेवा. 800 वॉटवर दीड मिनिट, मग खालून वर, कडेचा आत असा हलवा. आणखी एक मिनिट. नंतर झाकून दोन मिनिटं तसाच राहू द्या. या दोन मिनिटांत कडेची उष्णता आत जाते, त्यामुळे ती वाया जात नाहीत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तीन-चार ठिकाणी 74 अंश दिसले पाहिजेत. नसेल तर कडेच्या वाफेवर जाऊ नका. मधली शितं चमच्याने उकरा, तिथूनही वाफ यायला हवी, आणि बशीचं बूड मध्यभागी चटका देणारं हवं. गार लागलं तर पुन्हा हलवून अर्धं मिनिट. एकदा गरम केलेला भात उरला तर परत फ्रिजमध्ये ठेवू नये.

ऑफिसच्या डब्याचं गणित याच हिशेबात बसतं. सकाळी आठला भरलेला भात एक वाजता मायक्रोवेव्हमध्ये जातो, मधले पाच तास तो पिशवीत कोमट असतो. ऑफिसात फ्रिज असेल तर घरून थंड केलेला भात न्या आणि पोचल्याबरोबर आत ठेवा. फ्रिज नसेल तर डब्यात पोळी-भाजी द्यावी, भात रात्री घरी खावा. आणि स्टीलचा डबा असेल तर अन्न आधी काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत काढा.