लाइफगार्ड प्रमाणपत्राची मुदत संपत आलीय? आधी हे वाचा

दर उन्हाळ्यात फोनवर एकच प्रश्न येतो : "सर, पोहायला तर येतंच, नुसता शिक्का मारून मिळेल का?" मिळणार नाही. परीक्षा आणि प्रमाणपत्र संस्थेचं असतं, आम्ही फक्त तयारी करून घेतो.

आमच्याकडे बहुतेक जण अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रमाणपत्रासाठी येतात. ते दोन वर्षं चालतं. मुदत चालू असताना आलात तर छोटा रिव्ह्यू कोर्स पुरतो, पण मुदत उलटून महिने गेले तर अख्खा कोर्स पुन्हा करावा लागतो. रिव्ह्यूलासुद्धा सुरुवातीची पोहण्याची चाचणी माफ नसते, आणि सगळं अडतं ते तिथेच.

त्यातही विटेपाशी. सुमारे १८ मीटर पोहत जायचं, ७ ते १० फूट खोल बुडी मारून १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची वीट काढायची, ती दोन्ही हातांनी छातीशी धरून पाठीवर परत यायचं आणि शिडी न वापरता काठावर चढायचं. वेळ १ मिनिट ४० सेकंद. गॉगल चालत नाही.

मागच्या एप्रिलमध्ये हॉटेलच्या टँकवरचा एक मुलगा मुदत संपायला सहा दिवस असताना आला. दम भरपूर. पण रोज गॉगल लावून पोहणारा. उघड्या डोळ्यांनी त्याला तळ धूसर दिसला, पहिली बुडी विटेच्या हातभर बाजूला पडली. जायला २५ सेकंद, वीट शोधायला ३५. परतताना हात अडकलेले, पायांचा जोर कमी, आणखी ४२. म्हणजे १०२ सेकंद झाले आणि पठ्ठ्या अजून पाण्यातच! सहा दिवसांत पाय तयार होत नाहीत. त्याची मुदत गेली आणि पूर्ण कोर्सचा भुर्दंड बसला.

म्हणून आम्ही फी घेण्याआधी पहिल्याच दिवशी गॉगलशिवाय वीट काढायला लावतो. काहींना हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे. कुठे अडताय ते त्याच दिवशी कळतं. बुडीआधी भराभर दीर्घ श्वास घेऊ नका, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. असं करणाऱ्याला आम्ही टँकबाहेर काढतो.

सीपीआरचा हात दोन वर्षं टिकत नाही, काही महिन्यांतच ढिला पडतो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतळ्यावर हात साफ करायला यावं, त्याचे पैसे घेत नाही.

स्विमिंग इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र असलेल्यांनाही सांगतो, ते लाइफगार्डच्या जागी चालत नाही. शिकवणाऱ्याची नजर आपल्या पाच मुलांवर असते. टँकवर लक्ष ठेवायला वेगळाच माणूस लागतो. सोसायट्यांनी दोन्ही कामं एकालाच देऊ नयेत.

मुदत संपायच्या दोन महिने आधी या. येताना जुनं प्रमाणपत्र आणा. त्यावरची तारीख आम्ही वहीत टिपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला आठवणीचा फोन आम्हीच करतो.