‘साठ किलोमीटर’ म्हणजे नक्की किती? ई-सायकल घेण्याआधीचा हिशेब

ई-सायकलच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा किलोमीटरचा असतो आणि गिऱ्हाइकाला सर्वांत कमी उपयोग त्याचाच होतो. कामाचा आकडा सहसा बॅटरीवरच्या छोट्या चिठ्ठीवर असतो: ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार करा. २८१ येतात. हे वॅट-तास, म्हणजे तुमची टाकी. जाहिरातीतले साठ किलोमीटर या टाकीतूनच निघायचे आहेत. २८१ला ६०ने भागलं की किलोमीटरमागे पावणेपाच वॅट-तासांपेक्षाही किंचित कमी येतात. आता एवढ्यात सायकल खरंच चालते का, ते पाहू.

सायकल, माणूस आणि पाठीवरची पिशवी मिळून शंभर किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला चाकाशी सुमारे १०५ वॅट लागतात. त्यातले साधारण ६० वॅट हवा कापण्यात जातात, उरलेले टायरच्या घर्षणात. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी अंदाजे तीन-चतुर्थांशच चाकापर्यंत पोचते, बाकीची मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर तापवते. म्हणून पॅडल न मारता, नुसता थ्रॉटल पिळून गेलात तर किलोमीटरमागे ७ वॅट-तास खर्च होतात. वेग २५ केला की ९ पेक्षा जास्त. पावणेपाचचा आकडा येतो, पण सपाट रस्ता, अंगाने हलका स्वार, नवी बॅटरी, अजिबात न थांबता केलेला प्रवास आणि पॅडलवर सतत पाय, हे सगळं जुळून आलं तरच. त्या अर्थाने जाहिरात खोटी नसते. ती ज्या रस्त्याबद्दल बोलते, तो रस्ता तुमच्या ऑफिसला जात नाही, एवढंच.

एक नेहमीचा प्रवास घेऊ. घर ते ऑफिस १२ किलोमीटर, वाटेत वीसेक ठिकाणी सिग्नल नाहीतर खोळंबा, आणि शेवटी पुण्यातल्या चांदणी चौकाच्या बाजूला लागतो तसा एक चढ. चढाची उंची ६० मीटर धरू. थ्रॉटलवर ताशी २५ने गेलं तर सपाट अंतराचे ११२ वॅट-तास झाले. प्रत्येक वेळी थांबून पुन्हा २५चा वेग घ्यायला एक वॅट-तासाहून थोडं जास्त लागतं, त्याचे वीस खोळंब्यांचे २२. शंभर किलो वजन ६० मीटर वर चढवायला आणखी २५. एकूण १६० च्या आसपास. येताना उतार मिळतो, तरी ब्रेक मारल्यामुळे चढाचं सगळं वसूल होत नाही. परतीचे १३० धरा. दोन्ही मिळून २९० झाले आणि आपली टाकी २८१ची. त्यातही बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट शेवटचा थोडा भाग वापरू देत नाही, म्हणून हाताशी येतात जेमतेम अडीचशे. साठ किलोमीटरची सायकल चोवीस किलोमीटरच्या आत, घराच्या अलीकडे थांबली.

आता तोच प्रवास ताशी २०ने आणि पॅडल मारत करू. दमही न लागता माणूस ५० वॅट सहज देतो, जोरात चालण्यापेक्षा ते कष्ट कमी असतात. मोटरला मग सपाटीवर उरलेले ५५ वॅटच पुरवायचे राहतात. चढ, थांबे सगळं धरून जाताना ८० आणि येताना ६५, मिळून १४५ वॅट-तास. खर्च निम्मा झाला आणि बॅटरीत शंभर शिल्लक राहिले. ही शिल्लक चैनीची नाही. पाचेकशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर लिथियम बॅटरी साधारण ८० टक्क्यांवर येते, आणि उन्हात उभी राहणारी सायकल असेल तर त्याही आधी. त्या दिवशीसुद्धा तुम्ही घरी पोचायला हवं.

यातून दुकानात उभ्या-उभ्या करता येईल असा भागाकार निघतो. वॅट-तासांच्या ९० टक्के घ्या. गर्दीच्या शहरात नुसत्या थ्रॉटलवर जाणार असाल तर त्याला १२ने भागा, मनापासून पॅडल मारणार असाल तर ६ने. वजन जास्त असेल किंवा वाट चढाची असेल तर ७ने. जो आकडा येईल तो रोजच्या जाण्यायेण्यापेक्षा निदान सव्वापट असावा. ऑफिसात चार्ज करायची सोय असली तर नुसत्या जाण्याचा हिशेब पुरतो. अशा वेळी बॅटरी काढून वर नेता येते का, हे आधी बघा.

बॅटरीवरचा आकडाच फुगवलेला असला तर? ते चार्जरवरून पकडता येतं. ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ‘४२ व्होल्ट, २ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं, ४२ कारण बॅटरी पूर्ण भरली की तेवढ्यावर जाते. पूर्ण रिकाम्या बॅटरीला भरायला लागलेले तास गुणिले २, म्हणजे ढोबळमानाने तिची खरी क्षमता. शेवटचा टप्पा सावकाश भरतो, त्यामुळे खरी क्षमता या गुणाकारापेक्षा कमीच असणार, जास्त नाही. १४ अँपिअर-तास सांगितलेली बॅटरी असल्या चार्जरवर साडेचार तासांत हिरवा दिवा दाखवत असेल, तर आत फार तर नऊ आहेत.

वेगाचं गणित कळलं की कायद्यातली मर्यादाही समजते. ताशी २५ला चाकाशी १७५ वॅट लागतात, ३२ला ३२० च्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सात किलोमीटरच्या वाढीला जवळजवळ दुप्पट ताकद द्यावी लागते आणि दर किलोमीटरचा खर्चही चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. पाव किलोवॅटची मोटर आणि २५चा वेग ही जोडी एकमेकांना साजेशी आहे.

आपल्याकडे ही मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २ (यू) मध्ये आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पॅडलला मदत करणाऱ्या सायकलची मोटर वेग वाढेल तशी मंद होत २५ला, किंवा पॅडल थांबलं तर त्याआधीच, बंद व्हायला हवी. हे सगळं सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासलेलं असलं की ती सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. मग नोंदणी, नंबरप्लेट, लायसन्स, विमा यांतलं काही लागत नाही. अशा चाचणी संस्थांपैकी पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई आपल्या राज्यातच आहेत. दुकानदाराकडे ज्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागाल, ते त्याच मॉडेलचं आहे ना, हे वाचून घ्या.

‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. याचा अर्थ, मोटर सलग अर्धा तास जी शक्ती देऊ शकते ती. हीच मोटर चढावर मिनिटभर ४०० वॅट ओढू शकते आणि तरीही ती नियमात बसते. उलट ५०० वॅटची मोटर बसवून ‘वेग मर्यादित केलाय’ असं सांगितलं, तर ती बसत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढून देतो, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. मर्यादा काढलेली सायकल त्या क्षणी बिगरनोंदणी, बिगरविम्याचं मोटार वाहन होते, आणि तिच्याने कुणाला इजा झाली तर भरपाईचा सगळा भार चालवणाऱ्यावर येऊ शकतो. अमेरिकेत ताशी ३२ किलोमीटरपर्यंत मोटरने चालणाऱ्या सायकली रीतसर विकल्या जातात. तिकडच्या नातेवाइकांकडून तशी मागवली, तरी इथे ती सायकल ठरणार नाही.

मोटर निवडताना चढ आधी बघा. बाजारात येणाऱ्या बहुतेक ई-सायकलींना मागच्या चाकाच्या मध्यभागी गिअरवाली हब मोटर असते. तिच्या आत छोटे दातेरी चक्र असतात, अनेकदा नायलॉनचे, आणि चाकाच्या एका फेऱ्यात मोटर पाचेक फेरे घेते. आतल्या क्लचमुळे बॅटरी संपली तरी सायकल साध्या सायकलीसारखी ओढता येते. दुसरा प्रकार थेट हब मोटर, आत गिअर नसलेली. ती आवाज करत नाही, गिअर झिजण्याचा प्रश्न नाही, पण जड असते, चढावर तिला धाप लागते आणि वीज संपली की पायाला अडकल्यासारखी लागते. दोन्ही ओळखणं सोपं आहे. मागचं चाक उचलून, सायकल बंद ठेवून, हाताने पुढे फिरवा. मोकळं, बराच वेळ फिरत राहिलं तर गिअरवाली. टक-टक अडखळत लवकर थांबलं आणि मोटर ताटलीसारखी रुंद असली तर थेट.

हब मोटरची अडचण अशी की तिचा वेग चाकाशी बांधलेला असतो. ताशी २५ला चाक मिनिटाला १९० फेरे घेतं, तिथे मोटर खुशीत असते. चढावर वेग ८वर आला की फेरे होतात साठ. करंट तेवढाच वाहतो, पण निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. त्यामुळे मोटर आतून तापत जाते. तसंच रोज चालवलं तर नायलॉनचे दाते मऊ पडून झिजतात आणि खरखर ऐकू येते, किंवा मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे आतले हॉल सेन्सर जाऊन मोटर गचके देते. उपाय साधा आहे. चढ लागायच्या आधी सायकलचा हलका गिअर टाका, पॅडल मारा आणि वेग १२च्या खाली जाऊ देऊ नका. किलोमीटरभराचा सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे वरच्या उदाहरणातले ६० मीटर, गिअरवाली हब मोटर असा सहज काढते.

चढ दहा टक्क्यांचा आणि लांबलचक असेल, किंवा मागे मूल बसणार असेल, तर तिसरा प्रकार बघावा. यात मोटर पॅडलच्या क्रँकपाशी असते आणि तिची ताकद साखळीतून, म्हणजे सायकलच्या गिअरमधून जाते. तुम्ही हलका गिअर टाकला की मोटरलाही तो मिळतो, ती तिच्या सोयीच्या फेऱ्यांत राहते. किंमत मात्र बरीच जास्त. शिवाय साखळी आणि मागचे दाते लवकर झिजतात, सिग्नलला थांबायच्या आधी गिअर उतरवायची सवय लावावी लागते, नाहीतर सुटताना साखळीला हिसका बसतो. सपाट नागपुरात किंवा सोलापुरात रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याने यासाठी पैसे घालू नयेत. तेच पैसे मोठ्या बॅटरीत घालावेत.

चालवून बघताना पॅडलवर पाय टेकवा आणि अगदी अलगद फिरवा. पाऊण फेऱ्यानंतर मोटर एकदम ढकलायला लागली, तर तो पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा स्वस्त सेन्सर आहे. गर्दीत तो सांभाळून वापरावा लागतो, आणि पाय नुसते फिरवायची सवय लागून बॅटरी लवकर संपते. जेवढा जोर लावाल तेवढी मदत वाढली, तर तो दाब मोजणारा सेन्सर. त्याच फेरीत फोनवर जीपीएसचा वेग लावून डिस्प्लेशी ताडून बघा. २९ इंची चाकाच्या सायकलीत डिस्प्लेला २६ इंच सांगितलेलं असलं, तर पडद्यावर २५ दिसत असताना तुम्ही जवळजवळ २८ने जात असता.