मागच्या पियुषिकेत साठवण, हायपोथॅलॅमसमध्ये निर्मिती: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

‘अँटीडाययुरेटिक हार्मोन (एडीएच) कोठे तयार होते?’ या प्रश्नाखाली साधारणपणे चार पर्याय येतात: पियुषिकेचा अग्र खंड, पियुषिकेचा पश्च खंड, हायपोथॅलॅमस आणि अधिवृक्क ग्रंथी. बहुतेक जण पश्च खंडावर खूण करतात आणि गुण घालवतात. हा गोंधळ आपल्यापुरताच आहे असे समजायचे कारण नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञही अर्धशतकाहून अधिक काळ हेच उत्तर देत होते, आणि त्यांच्याकडे पुरावाही होता.

1895 साली ऑलिव्हर आणि शेफर यांनी पियुषिकेचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला, तेव्हा रक्तदाब वाढलेला दिसला. तीनच वर्षांनी हॉवेल यांनी दोन्ही खंडांचे अर्क वेगवेगळे तपासले आणि हा परिणाम मागच्या खंडाचाच असल्याचे दाखवले. 1913 मध्ये फारिनी आणि फॉन डेन व्हेल्डेन यांनी स्वतंत्रपणे डायबेटिस इन्सिपिडसच्या रुग्णांना हाच अर्क दिला. या आजारात लघवीत साखर नसते, पण ती पाण्यासारखी पातळ आणि भरमसाठ होते. अर्क दिल्यावर तिचे प्रमाण घटले. अर्क पश्च खंडाचा, त्याने आजार आटोक्यात येतो, म्हणजे संप्रेरकही तिथेच बनत असणार. तर्क अगदी सरळ होता.

अडचण सूक्ष्मदर्शकाखाली होती. अग्र खंडात ग्रंथीला शोभतील अशा स्रावी पेशी खच्चून भरलेल्या दिसतात. पश्च खंडात मात्र आधार देणाऱ्या पेशी आणि वरून उतरलेले चेतातंतू एवढेच सापडते. संप्रेरक बनवणारी पेशीच नाही, तर ते बनवते कोण? दुसरी विसंगती शस्त्रक्रियेत दिसत होती. नुसता पश्च खंड काढला तर आजार बऱ्याचदा काही काळाने ओसरे. पण हायपोथॅलॅमसला इजा झाली किंवा हायपोथॅलॅमस आणि पियुषिका यांना जोडणारा देठ बराच वर कापला गेला, तर तो कायमचा जडे.

उत्तराचा धागा 1928 मध्ये एर्न्स्ट शारर यांच्या हाती लागला. एका लहान माशाच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी त्यांना ग्रंथीपेशींसारख्या स्रावाने भरलेल्या दिसल्या. चेतापेशीचे काम विद्युत संदेश नेण्याचे, संप्रेरक बनवण्याचे नव्हे, असा तेव्हाचा पक्का समज होता. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वर्षानुवर्षे कडवा विरोध झाला.

चित्र पालटले ते 1949 मध्ये, आणि तेही मुळात स्वादुपिंडाच्या पेशींसाठी तयार केलेल्या एका रंजकामुळे. वोल्फगांग बार्गमन यांनी गोमोरींचा तो रंग मेंदूच्या कापांवर वापरला. हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेन्ट्रिक्युलर केंद्रकांतल्या पेशी, तिथून निघणारे अक्षतंतू, देठ आणि शेवटी पश्च खंड अशी एक सलग निळी वाट उमटली. त्यानंतरच्या प्रयोगांत देठ कापल्यावर हा रंगणारा स्राव कापलेल्या जागेच्या वरच्या बाजूला साचला आणि खालचा खंड रिकामा पडत गेला. माल वरून खाली येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. देठ खालच्या अंगाला कापल्यास आजार का टिकत नाही, हेही उमगले: पेशी वर शाबूत असतात आणि तुटलेल्या टोकांतूनही संप्रेरक रक्तात सोडू शकतात.

म्हणून या प्रश्नात क्रियापद नीट वाचावे. ‘तयार होते’ किंवा ‘संश्लेषण’ असेल तर हायपोथॅलॅमस. ‘साठवले जाते’ किंवा ‘स्रवले जाते’ असेल तर पश्च खंड. ऑक्सिटोसिनलाही हाच नियम लागू आहे. अधिवृक्क ग्रंथीचा पर्याय अल्डोस्टेरॉनच्या आठवणीवर गळ टाकतो. तेही वृक्कावर काम करते, पण मुख्यतः सोडियम राखून. एडीएच थेट पाणी राखते.

अग्र खंडाची गोष्ट वेगळी आहे, आणि परीक्षक दोन्ही एकाच वाक्यात मिसळतात तेव्हा खरी गंमत येते. तिथल्या पेशी आपली संप्रेरके स्वतः बनवतात. हायपोथॅलॅमसकडून त्यांना फक्त आदेश येतात, आणि तेही चेतातंतूंनी नव्हे तर देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून. या वाटेचे महत्त्व जेफ्री हॅरिस यांनी प्रयोगांनी पटवून दिले. गिलेमां आणि शॅली यांनी हे आदेश देणारे रेणू वेगळे काढले आणि 1977 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

त्यामुळे ‘देठ तुटल्यास अग्र खंडाचे कोणते संप्रेरक वाढेल?’ असा प्रश्न आला तर पर्यायांतली चारही संप्रेरके घटतील असे वाटते. त्यांतले प्रोलॅक्टिन मात्र वाढते, कारण हायपोथॅलॅमस त्याला डोपामाइनने सतत रोखून धरत असतो.