प्रक्रियाधीन माल

ज्यावर काम सुरू झाले आहे, पण जो अजून विक्रीयोग्य झालेला नाही, अशा कारखान्यातील साठ्याला प्रक्रियाधीन किंवा अर्धनिर्मित माल म्हणतात. शॉपफ्लोअरवर तो ‘डब्ल्यूआयपी’, म्हणजे वर्क-इन-प्रोग्रेस, या नावानेच ओळखला जातो. माल कोणत्या प्रकारात मोडतो, हे तो कोणाकडे आणि कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असते. पोलाद कारखान्यातून तयार माल म्हणून निघालेली गोल सळई भोसरीच्या मशीन शॉपमध्ये कच्चा माल असते, आणि तिथे बनलेला गिअर शाफ्ट चाकणच्या वाहन कारखान्यात पुन्हा कच्च्या मालाच्या बाजूला जमा होतो.

भोसरीतील अशा एका शॉपचे उदाहरण घेऊ. स्टोअरमधून सळई इश्यू होऊन कापली गेली की ती कच्च्या मालातून वजा होते. पुढे टर्निंग, गिअरचे दाते पाडणारे हॉबिंग, हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग होऊन अंतिम तपासणीत पास होईपर्यंत तो नग प्रक्रियाधीन राहतो. समजा, एका नगाचे पोलाद १८० रुपयांचे आहे आणि कारखान्याच्या खर्चाचा वाटा धरून कटिंग-टर्निंगला ४०, हॉबिंगला ६०, तर उरलेल्या कामांना ८० रुपये लागतात. ३१ मार्चला हॉबिंग झालेले ४०० नग शिल्लक असतील, तर त्यांचे मूल्य प्रत्येकी २८० रुपयांप्रमाणे १,१२,००० रुपये होते. तेच नग कच्चा माल म्हणून मोजले तर ७२,००० आणि तयार माल म्हणून मोजले तर १,४४,००० रुपये दिसतील, आणि तेवढ्याच फरकाने वर्षाचा नफा चुकेल.

तिन्ही साठ्यांत सर्वाधिक जोखीम या मधल्या मालात असते, कारण ऑर्डर रद्द झाली तर न कापलेली सळई दुसऱ्या कामाला वापरता येते, तयार शाफ्ट निदान सुट्या भागांच्या बाजारात विकण्याचा प्रयत्न करता येतो, पण दाते पाडलेल्या आणि कठीण न केलेल्या नगाला बहुधा भंगाराचाच भाव मिळतो. शिवाय हा साठा दोष झाकून ठेवतो: हॉबची धार गेल्याचे ग्राइंडिंगनंतरच्या तपासणीत कळले, तर मधल्या ट्रॉल्यांतील सगळेच नग संशयास्पद ठरतात.

साठा किती वाढला आहे, हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने ताडता येते: प्रक्रियेतील सरासरी नगांना रोज बाहेर पडणाऱ्या सरासरी नगांनी भागले की एका नगाला लागणारे सरासरी दिवस मिळतात. रोज सरासरी १०० शाफ्ट बाहेर पडत असतील आणि प्रक्रियेत ६०० नग असतील, तर एका नगाला सरासरी सहा दिवस लागतात, मग प्रत्यक्ष मशीनवरचा वेळ काही मिनिटांचा का असेना. उरलेला बहुतेक वेळ तो रांगेत पडून असतो, आणि ज्या मशीनपुढे ट्रॉल्या सतत साचतात तिथेच सहसा अडथळा सापडतो.

मोजणीत हमखास सुटतो तो जॉबवर्कला गेलेला माल. हीट ट्रीटमेंटसाठी माल-पाठवणीच्या चलनावर बाहेरच्या कारखान्यात पाठवलेले नग शॉपच्या भिंतींबाहेर असले, तरी मालकी बदललेली नसल्याने ते पाठवणाऱ्याच्याच प्रक्रियाधीन साठ्यात धरावे लागतात. म्हणून प्रत्यक्ष मोजणीसोबत ज्यांवरचा माल परत आलेला नाही अशी चलनेही जुळवावी लागतात.